मिठाच्या खड्यातल्या दोन शाखा

उलव्याहून अटल सेतूवर चढून शिवडीकडे निघालेल्या गाडीच्या उजव्या अंगाला, खाडीपलीकडे, तुर्भ्याची टेकडी आणि तिच्या पायथ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र येते. सेतूच्या त्या टप्प्यात नजर अडवणारे पडदे लावलेले असल्याने प्रवाशाला फारसे काही दिसत नाही. खाडीच्या अलीकडच्या बाजूची, पनवेल-उरण पट्ट्यातली मिठागरेही आता झपाट्याने भरावाखाली गेली आहेत. पण ही दोन्ही ठिकाणे भौतिकशास्त्राच्या एकाच आलेखावर एकत्र येतात. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला घनस्थिती भौतिकशास्त्रात जी ‘द्विअणू साखळी’ शिकवतात, तिचे हाताशी असलेले सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे मिठाचा खडा. आणि त्या साखळीचा आलेख प्रत्यक्ष मोजायचा तर अणुभट्टीतले न्यूट्रॉन लागतात.

मिठाचा स्फटिक घनाकार. त्यात सोडियम आणि क्लोरीनचे आयन तिन्ही दिशांना एकाआड एक बसलेले असतात. घनाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे, म्हणजे मुख्य कर्णाच्या दिशेने पाहिले, तर चित्र आणखी सोपे होते: एक अख्खा थर सोडियमचा, पुढचा क्लोरीनचा, पुन्हा सोडियमचा. दोन शेजारच्या थरांत साधारण १.६३ अँगस्ट्रॉमचे अंतर असते, आणि सोडियमपासून पुढच्या सोडियमपर्यंत ३.२६. या दिशेने लाट गेली की एकेक थर एकसंध हलतो. त्यामुळे तीन मितींचा स्फटिक खरोखरच दोन वस्तुमानांच्या साखळीसारखा वागतो. हलके वस्तुमान सोडियमचे, अणुभार २३. जड क्लोरीनचे, सरासरी ३५.५. त्यांच्यामध्ये सारख्याच ताकदीच्या स्प्रिंगा आहेत असे धरायचे.

माक्स बोर्न आणि थिओडोर फॉन कार्मान यांनी १९१२ साली जाळीच्या कंपनांचे जे गणित मांडले, त्याची या साखळीपुरती ओळ अशी:

ω² = K(1/m + 1/M) ± K√[(1/m + 1/M)² − 4 sin²(qa/2)/(mM)]

आडव्या अक्षावर q, म्हणजे लाट किती आखूड आहे ते. डावीकडे लांबच लांब लाटा, उजव्या टोकाला इतकी आखूड लाट की एका सोडियम थराची हालचाल पुढच्या सोडियम थराच्या नेमकी उलट. उभ्या अक्षावर कंपनाची वारंवारता. वर्गमुळाआधीच्या ± चिन्हामुळे प्रत्येक q साठी दोन उत्तरे निघतात, म्हणून आलेखावर दोन रेषा. खालची शून्यातून निघून वर चढते आणि उजव्या टोकाशी सपाट होते. ती अकॉस्टिक शाखा. वरची डावीकडे सर्वांत उंच सुरू होऊन उजवीकडे उतरत जाते. ती ऑप्टिकल शाखा.

आलेख वाचायचा तो टोकांपासून. डाव्या टोकाला खालच्या शाखेत सोडियम आणि क्लोरीन हातात हात घालून एकाच दिशेने हलतात, त्यांच्यातली स्प्रिंग जवळजवळ ताणलीच जात नाही, म्हणून वारंवारता शून्याकडे जाते. हाच मिठातला नेहमीचा आवाज, आणि रेषेचा तिथला चढ म्हणजे आवाजाचा वेग. वरच्या शाखेत त्याच टोकाला सोडियमचे सगळे थर एकीकडे तर क्लोरीनचे सगळे दुसरीकडे जातात. हलका सोडियम दीडपट जास्त सरकतो, जेणेकरून वस्तुमानकेंद्र जागचे हलत नाही. सोडियमवर धन भार, क्लोरीनवर ऋण. अशा ओढाताणीला प्रकाशाचे विद्युतक्षेत्र सरळ पकडू शकते. शाखेला ‘ऑप्टिकल’ म्हणतात ते यामुळे.

उजव्या टोकाला गंमत वेगळीच. तिथे वरच्या शाखेत फक्त सोडियम हलतो, क्लोरीन स्तब्ध. खालच्या शाखेत नेमके उलटे. म्हणून त्या टोकाच्या दोन वारंवारतांचे गुणोत्तर केवळ वस्तुमानांवर ठरते: ३५.५ भागिले २३, त्याचे वर्गमूळ, म्हणजे १.२४. स्प्रिंग कितीही कडक असो, हा आकडा बदलत नाही.

आता खरे आकडे घालून पाहू. खोलीच्या तापमानाला मिठाची आडव्या हालचालीची ऑप्टिकल वारंवारता डाव्या टोकाला सुमारे ४.९ टेराहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४.९ लाख कोटी कंपने. या एका आकड्यावरून स्प्रिंगची ताकद निघते, आणि मग साखळीत दुसरे काही ठरवायचे उरत नाही. उजव्या टोकाला ऑप्टिकल शाखा ३.८ वर आली पाहिजे आणि अकॉस्टिक ३.१ वर पोचली पाहिजे. मधल्या ०.७ टेराहर्ट्झच्या पट्ट्यात या साखळीत एकही लाट वाहू शकत नाही. गणित तपासायची एक सोपी युक्तीही आहे. कोणत्याही q ला दोन्ही वारंवारतांचे वर्ग करून बेरीज घेतली की ती तीच यायला हवी. ३.८ आणि ३.१ च्या वर्गांची बेरीज सुमारे २४, आणि ४.९ चा वर्गही २४. ओबडधोबड काढलेल्या आकृतीत वरची शाखा जितकी उतरते तितकीच खालची चढलेली दाखवतात. खरे म्हणजे समान असते ती वर्गांतली घटवाढ.

याहून मोठी परीक्षा आवाजाच्या वेगाची. प्रकाशाने मोजलेल्या त्या ४.९ वरून साखळी सांगते की कर्णाच्या दिशेने आडवी ध्वनिलाट सेकंदाला सुमारे २,४६० मीटर धावेल. मिठाच्या लवचिकतेच्या मोजमापांवरून प्रत्यक्ष वेग येतो २,७५० च्या आसपास. सगळ्या दूरच्या विद्युतबलांकडे काणाडोळा करून फक्त शेजाऱ्याशी स्प्रिंग जोडलेल्या हिशेबाला दहा टक्क्यांची चूक माफ करायला हरकत नाही.

पण एक गोष्ट साखळीला मुळातच सांगता येत नाही. मिठात डाव्या टोकाला ऑप्टिकल वारंवारता एक नाही, दोन आहेत. आयन लाटेच्या दिशेला आडवे हलले तर ४.९, आणि लाटेच्याच दिशेने पुढेमागे हलले तर ७.९. दुसऱ्या प्रकारात धन आणि ऋण थर एकमेकांपासून दूर सरकून विद्युतक्षेत्र उभे करतात, ते आयनांना मागे ओढते, आणि स्प्रिंग आहे त्याहून कडक भासते. नुसत्या स्प्रिंगांच्या साखळीत भारच नाही, तर हा फरक कुठून येणार? आलेख वाचताना आडव्या शाखांची जोडी आणि उभ्या शाखांची जोडी वेगळी धरावी लागते ती म्हणूनच. दोन्हींना एकच K लावायला गेले की हिशेब फसतो.

या दोन आकड्यांमधला पट्टा बर्लिनच्या हाइनरिख रुबेन्स यांना विसावे शतक उजाडायच्या आधीच सापडला होता, शाखांचे गणित जन्माला येण्यापूर्वी. ४.९ ते ७.९ टेराहर्ट्झ म्हणजे ६१ ते ३८ मायक्रॉन लांबीचा अवरक्त प्रकाश. या पट्ट्यात मीठ अंगावर पडणारा प्रकाश जवळजवळ आरशासारखा परतवते. मिठाच्या अनेक पृष्ठांवरून किरण पुन्हा पुन्हा परावर्तित केले की बाकीचे सगळे गळून ५१ मायक्रॉनच्या आसपासचे तेवढे उरतात. या ‘उरलेल्या किरणां’च्या मदतीने रुबेन्स आणि कुर्लबाउम यांनी १९०० साली तप्त वस्तूच्या प्रारणाची जी मोजणी केली, तिच्यामुळे माक्स प्लांक यांना आपले सूत्र बदलावे लागले. पुंज भौतिकीच्या जन्माला मिठाच्या ऑप्टिकल शाखेचा असा हात लागलेला आहे.

प्रकाशाची अडचण ही की त्याला आलेखाचे फक्त डावे टोक दिसते. ६१ मायक्रॉनची लाट मिठाच्या थरांतल्या अंतराच्या लाखो पट लांब. आडव्या अक्षावर ती शून्याला चिकटूनच बसते. उरलेली रेषा मोजायला असा कण हवा, ज्याची तरंगलांबी अणूंतल्या अंतराएवढी आणि ऊर्जा फोनॉनच्या ऊर्जेएवढी असेल. अणुभट्टीत मंदावलेला न्यूट्रॉन दोन्ही अटी पाळतो: लांबी सुमारे १.८ अँगस्ट्रॉम, ऊर्जा सुमारे २५ मिलिइलेक्ट्रॉन-व्होल्ट. ४.९ टेराहर्ट्झच्या फोनॉनला लागतात २०. न्यूट्रॉन स्फटिकात एक फोनॉन निर्माण करून बाहेर पडला की त्याची किती ऊर्जा गेली आणि दिशा किती वळली हे मोजायचे. आलेखावरचा एक बिंदू मिळाला.

हे मोजणारे त्रिअक्षीय स्पेक्ट्रोमीटर कॅनडातल्या चॉक रिव्हरला बर्ट्रम ब्रॉकहाउस यांनी घडवले. त्यांच्याकडे मुंबईहून शिकायला गेलेला तरुण म्हणजे पद्मनाभ कृष्णगोपाल अय्यंगार, पुढे भारताच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष. ब्रॉकहाउस आणि अय्यंगार यांचा जर्मेनियमच्या कंपनांवरचा निबंध १९५८ साली ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये आला. परत आल्यावर अय्यंगार यांनी तुर्भ्याला न्यूट्रॉन गट उभा केला, १९६० साली सुरू झालेल्या सायरस भट्टीसाठी इथेच स्पेक्ट्रोमीटर बांधले. पुढे १९८५ साली ध्रुव भट्टी आली. ब्रॉकहाउस यांना नोबेल मिळायला मात्र १९९४ उजाडावे लागले.

जर्मेनियमची निवड आपल्या साखळीच्या दृष्टीने मार्मिक आहे. तिथे दोन्ही अणू एकाच जातीचे, वस्तुमान तेच. मग वरच्या सूत्राप्रमाणे उजव्या टोकाची फट मिटायला हवी, आणि ऑप्टिकल शाखा म्हणजे एकाच जातीच्या अणूंच्या साखळीतली अकॉस्टिक रेषा मधोमध दुमडलेली, एवढेच राहायला हवे. परीक्षेत हे उत्तर बरोबर ठरते, पण जर्मेनियमला ते लागू नाही. त्याच्या कर्णाच्या दिशेने थरांमधली अंतरे आलटून पालटून लहानमोठी असतात, म्हणजे स्प्रिंगाच दोन प्रकारच्या. शाखा दोन होतात त्या स्प्रिंगांमुळे. अणू सारखे असल्याने त्यांवर भार नाही. म्हणून डाव्या टोकाला आडवी आणि उभी ऑप्टिकल वारंवारता एकच, सुमारे ९ टेराहर्ट्झ. मिठासारखी फाटाफूट तिथे दिसत नाही.

या मोजमापांनी एक भारतीय वादही निकालात काढला. १९४० च्या दशकात चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे म्हणणे होते की बोर्नच्या अखंड शाखा चुकीच्या आहेत; स्फटिकाला मोजक्याच, सुट्या वारंवारता असतात, आणि मिठाला नऊ. रामन यांचा आधार वर्णपटातल्या ठळक रेषांचा होता, आणि त्या रेषा खोट्या नव्हत्या. पण त्या उमटतात कारण शाखा जिथे सपाट होते तिथे थोड्याशा वारंवारतेत पुष्कळ फोनॉन दाटलेले असतात. शाखेच्या सपाटीलाच रामन सुटी वारंवारता समजले, असे म्हणायला जागा आहे. न्यूट्रॉनच्या मोजणीत बिंदू q गणिक सरकत गेले आणि रेषा अखंड निघाल्या. तुर्भ्याच्या न्यूट्रॉन गटातलेच गणेशन वेंकटरामन यांनी पुढे रामन यांचे विस्तृत चरित्र लिहिले, आणि जाळीच्या कंपनांवरच्या ‘डायनॅमिक्स ऑफ परफेक्ट क्रिस्टल्स’ या ग्रंथाचेही ते एक लेखक.

मिठाचा पूर्ण आलेख न्यूट्रॉनने मोजून १९६९ साली प्रसिद्ध झाला, तो स्वीडनमधल्या राउनिओ, आल्मक्विस्ट आणि स्टेडमान यांच्या हातून. कोणता बिंदू कोणत्या शाखेचा, हा प्रश्न अशा मोजणीत नेहमी पडतो. त्याचे उत्तर न्यूट्रॉनच्या संख्येतच असते. न्यूट्रॉनला क्लोरीन सोडियमच्या अडीच पटींहून ठळक दिसतो. ज्या दिशांना दोन्ही थरांकडून आलेल्या न्यूट्रॉन-लाटा एकमेकींत मिळतात तिथे एकत्र हलणारी अकॉस्टिक शाखा जोरात उमटते. जिथे त्या एकमेकींना कापतात तिथे उलटसुलट हलणारी ऑप्टिकल. म्हणून एकच q दोन वेगळ्या ठिकाणी मोजायचा आणि कोणते शिखर वाढले, कोणते खचले ते पाहायचे.