गरोदर बाईचा ताप अंगावर काढू नका
वस्तीतल्या एका ताईला सातव्या महिन्यात ताप आला. चौथ्या दिवशी अंग गार झालं, घरचे निर्धास्त झाले. पण डेंग्यूत खरा धोका ताप उतरतानाच असतो. प्लेटलेट घटतात, रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपतं. पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, लघवी कमी होतेय, हे सासूबाईंनी ओळखलं आणि तिला लगेच भरती केलं.

डेंग्यूची एनएस१ तपासणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते. पुढे ती निगेटिव्ह आली तरी डेंग्यू असू शकतो, मग आयजीएम तपासतात. म्हणून ताप आला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रक्त द्या, मलेरियाही तपासायला सांगा. तोवर फक्त पॅरासिटामॉल. मेडिकलवाल्याने दिली तरी ब्रुफेन, अॅस्पिरिन नको. त्याने रक्तस्राव वाढतो.