अवमूल्यन व व्यापारशेष
चलनाचे मूल्य उतरल्याने व्यापारशेष सुधारतोच असे नाही. निर्यात व आयात प्रत्येकी १०० डॉलर असून रुपया १० टक्क्यांनी उतरला, असे मानू. निर्यातमालाची डॉलरमधील किंमत तेवढीच घटली व परदेशी मागणीची लवचीकता ०·६ असली, तर माल ६ टक्के अधिक खपूनही प्राप्ती सु. ९५ डॉलरच होते. आयातमाल रुपयांत सु. ११ टक्क्यांनी महागतो. त्याच्या मागणीची लवचीकता ०·३ असल्यास खर्च सु. ९७ डॉलरवर येतो आणि तूट निर्माण होते. दोन्ही लवचीकतांची बेरीज एकाहून अधिक असेल, तरच शेष सुधारतो. यास ‘मार्शल-लर्नर अट’ म्हणतात. पुरवठा हवा तेवढा वाढू शकतो, हे तीत गृहीत असते.

सूरजागड (गडचिरोली जिल्हा) येथील लोहखनिजासारख्या मालाबाबत ते गृहीत टिकत नाही. लोहखनिजाची किंमत जागतिक बाजारात डॉलरांत ठरते. त्यामुळे परदेशी ग्राहकास ते स्वस्त पडत नाही, विक्रेत्यास मात्र रुपये अधिक मिळतात. उत्खननावर परवान्याची मर्यादा असल्याने निर्यातही लगेच वाढत नाही. ६ जून १९६६ रोजी डॉलरचा दर ४·७६ रुपयांवरून ७·५० रुपये झाला, तेव्हा चहा व तागाचा माल यांवर निर्यातशुल्क बसविण्यात आले. अलवचीक मागणीच्या मालाची डॉलर-किंमत घसरू देणे तोट्याचे होते.