गच्चीवरची शेवटची बाटली

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा पूर सांगली शहरात शिरला, तेव्हा अनेकांना वरच्या मजल्यांवर आसरा घ्यावा लागला. अशा पुरात गच्चीवर अडकलेले दोन मित्र कल्पिले, तर त्यांच्याजवळ उरलेल्या एक लिटर पाण्याचा हिशेब असा मांडता येतो.

काहीही प्यायले नाही, तरी लघवी, घाम आणि श्वासावाटे शरीरातून दिवसाला साधारण एक लिटर किंवा त्याहून अधिक पाणी जाते. त्यामुळे दोघांत मिळून एक लिटर एका दिवसालाही अपुरेच. घोटाघोटाने ते फार लांबवण्याने शरीराची गरज कमी होत नाही. तहान लागेल तसे पाणी प्यावे आणि बचत घामात करावी, म्हणजे सावलीत बसावे, विनाकारण हालचाल टाळावी, खारट फरसाण खाऊ नये. वाटणी समान राहावी म्हणून बाटली तोंडाला न लावता झाकणाने मोजून घ्यावे.

पुराचे पाणी मात्र पिऊ नये. त्यात सांडपाणी आणि डिझेल मिसळलेले असते. उकळल्याने जंतू मरतात, पण तेल व रसायने तशीच राहतात. खरा आधार पावसाचा असतो. स्वच्छ प्लॅस्टिक ताणून धरावे, पहिल्या सरीचे पाणी सोडून द्यावे, नंतरचे भांड्यात साठवावे.

गडद पिवळी, थोडी लघवी आणि डोकेदुखी ही पाणी कमी पडल्याची पहिली खूण. एखादा मित्र असंबद्ध बोलू लागला, तर समान वाटणी सोडून आधी त्याला पाजावे आणि बचावपथकाला तातडीने खुणावावे.