अर्ध्यावर अडकणारं पॅनेल

मोबाइलच्या ॲपमध्ये किंवा वेबसाइटवर कोपऱ्यातल्या तीन रेषांवर बोट ठेवलं की डावीकडून मेन्यूचं पॅनेल सरकत येतं. एकदा दाबलं तर सगळं छान चालतं. पण ते येत असतानाच घाईघाईत पुन्हा दाबलं, तर कधी ते कडेच्या फार पलीकडे निघून जातं, तर कधी अर्धवट बाहेर येऊन तिथेच ठाण मांडून बसतं. फोन जुना झाला म्हणून आपण त्याला दोष देतो. बिचाऱ्या फोनचा यात काही संबंध नसतो.

पॅनेल सरकवण्याच्या या क्रियेला ट्वीन म्हणतात, आणि वेग कुठे जास्त, कुठे कमी हे ठरवणाऱ्या सूत्राला ईझिंग. फ्लॅशच्या जमान्यात रॉबर्ट पेनर यांनी लिहिलेली ईझिंगची सूत्रं आजही ठिकठिकाणी वापरात आहेत. त्यातलं एक साधं सूत्र असं:

```
p = t / d
x = b + c * p * (2 - p)
```

`b` म्हणजे सुरुवातीची जागा, `c` म्हणजे किती सरकायचं, `d` म्हणजे एकूण वेळ आणि `t` म्हणजे आतापर्यंत गेलेला वेळ. यात शेवटची जागा कुठेच लिहिलेली नाही. आहे ते फक्त अंतर, आणि घोळ तिथेच होतो.

समजा पॅनेल ३०० पिक्सेल रुंद आहे. मिटलेलं असताना त्याची जागा उणे ३००, पूर्ण उघडल्यावर शून्य, आणि उघडायला लागतात ४०० मिलिसेकंद. प्रोग्रामरने लिहिलंय : उघडताना ३०० पुढे, मिटताना ३०० मागे. आता २०० मिलिसेकंद झालेत. वेळ अर्धा गेला, पण हे सूत्र आधी वेगाने धावून मग मंदावणारं असल्यामुळे पॅनेलने तीन चतुर्थांश अंतर कापलंय आणि ते उणे ७५ वर आहे. नेमकं तेव्हाच आपण बटण दाबतो. पहिला ट्वीन रद्द होतो आणि दुसरा उणे ७५ पासून ३०० मागे जायला निघतो. पोचतो उणे ३७५ वर, म्हणजे ७५ पिक्सेल जास्तच मागे. पॅनेल पडद्याबाहेर असल्यामुळे हे कुणाला दिसत नाही. पुढच्या वेळी उघडताना ते ३०० पुढे येतं आणि उणे ७५ वर थांबतं. पाव पॅनेल कायमचं पडद्याआड. एकच चूक, आधी जादा पळवते आणि मग पोचूच देत नाही. वाटसरूला ‘मारुतीच्या देवळापाशी जा’ असं न सांगता ‘इथून तीनशे पावलं जा’ सांगितलं, तर तो कुठे उभा राहून विचारतोय त्यावर सगळं अवलंबून राहणारच!

उपायही तोच. मुक्काम पक्का सांगायचा, शून्य किंवा उणे ३००, आणि अंतर दर वेळी आत्ताच्या जागेवरून नव्याने काढायचं. वरच्या उदाहरणात मिटताना ते २२५ येईल. ब्राउझरचं सीएसएस ट्रान्झिशन हे आपणहून करतं. शिवाय अर्ध्यातून मागे फिरताना वेळही कमी करतं : इथे पूर्ण ४०० ऐवजी साधारण ३०० मिलिसेकंद.

जादा पळणं दर वेळी चूकच असतं असं नाही. ‘बॅक’ नावाचं ईझिंग मुद्दाम थोडं पुढे जाऊन परत येतं. पेनर यांच्या सूत्रातला १.७०१५८ हा विचित्र आकडा त्यासाठीच आहे. त्यामुळे पॅनेल एकूण अंतराच्या दहा टक्के, म्हणजे इथे ३० पिक्सेल, पुढे जातं. ओळखायची खूण सोपी आहे : मुद्दाम केलेलं असेल तर पॅनेल जागेवर परतून येतं, बिघाड असेल तर परतत नाही.

दुसरा बिघाड जास्त चिवट. ट्वीन चालू असताना बटण दाबलं जाऊ नये म्हणून काही प्रोग्रामर `busy` अशी खूण लावतात आणि ट्रान्झिशन संपल्याची वर्दी आली की ती काढतात. ही वर्दी म्हणजे `transitionend`. पण मध्येच दुसऱ्या कुठल्या कोडने पॅनेलला `display: none` केलं, तर ट्रान्झिशन संपत नाही, रद्द होतं. मग `transitionend` येत नाही, येतं ते `transitioncancel`. त्याकडे कुणी कान दिलेला नसेल तर खूण तशीच राहते आणि बटण मुकं होतं. दोन्ही वर्द्या ऐकल्या तर हा प्रश्न सुटतो. माझं मत विचाराल तर असं कुलूपच लावू नये. माणसाचा विचार बदलला तर पॅनेलने निमूट मागे फिरावं.

पान रिफ्रेश केलं की बहुधा सगळं ताळ्यावर येतं, कारण जागा आणि खुणा पुन्हा पहिल्यापासून मांडल्या जातात. म्हणूनच नुसतं ‘मेन्यू अडकतो’ अशी तक्रार पाठवली, तर तपासणारा एकदाच दाबून बघतो आणि ‘आमच्याकडे तर चालतंय’ असं उत्तर पाठवतो. तेव्हा तक्रारीत एवढं जरूर लिहा : मेन्यू उघडत असतानाच मी पुन्हा दाबलं होतं.