वसतिगृहाच्या वाटेवर ठेवलेले भाषण

काही वर्षांपूर्वी संविधान दिनाच्या वक्तृत्व स्पर्धेत नववीतील आमचा एक विद्यार्थी तिसऱ्या मिनिटाला थांबला. भाषण त्याने पंधरा दिवस घोकले होते. एक शब्द निसटला आणि पुढचे सारे भाषण त्या शब्दाबरोबर गेले. त्याने पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली, आणि पुन्हा त्याच जागी अडखळला. दोष त्याचा नव्हता. भाषण आम्हीच लिहून दिले होते आणि घोकंपट्टीखेरीज दुसरी रीत त्याला आम्ही शिकवलीच नव्हती.

ती दुसरी रीत फार जुनी आहे. इंग्रजीत तिला मेमरी पॅलेस म्हणतात. आम्ही मुलांना ‘स्मृतीची वाट’ असे सांगतो. रोमन वक्ता सिसेरो याने तिची जन्मकथा नोंदवली आहे. ग्रीक कवी सिमोनिडीस एका मेजवानीतून बाहेर आला आणि मागे छत कोसळले. प्रेते ओळखू येईनात. परंतु कोण कोठे बसला होता हे त्याला आठवत होते, आणि त्यावरून त्याने प्रत्येकाची ओळख पटवली. कथा खरी असो वा आख्यायिका, तिच्यातील निरीक्षण पक्के आहे. मनुष्याला शब्दांचा क्रम चटकन विसरतो, जागांचा क्रम सहसा विसरत नाही. म्हणून मुद्दे ओळखीच्या जागांवर ठेवावेत आणि बोलताना मनाने त्या वाटेने चालत जावे.

त्या विद्यार्थ्याला पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा उभे केले. विषय तोच, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 25 नोव्हेंबर 1949 रोजीचे संविधान सभेतील भाषण. या वेळी लिहून काहीच दिले नाही. प्रथम त्याला शाळेच्या फाटकापासून वसतिगृहापर्यंत नेहमीच्या वाटेने चालत जाऊन सात जागा ठरवायला सांगितल्या: फाटक, चिंचेचे झाड, पाण्याची टाकी, सूचनाफलक, नववीचा वर्ग, भोजनगृह आणि वसतिगृहाचा जिना. त्याने आधी तीन वर्गखोल्या घेतल्या होत्या, त्यांपैकी दोन आम्ही वगळल्या. एकसारख्या जागा मनात एकमेकींत मिसळतात; इ. स. पू. पहिल्या शतकातील एका लॅटिन वक्तृत्वग्रंथात हाच इशारा दिलेला आहे. विहार आणि बाबासाहेबांचा पुतळा या दोन जागा आम्ही स्वतःहून वगळल्या. वाटेवर ठेवायची चित्रे विचित्र, कधी हास्यास्पद असावी लागतात, आणि तेथे तशी चित्रे मांडणे आम्हांला रुचले नाही.

मग एकेका जागी एकेक मुद्दा. संविधान कितीही चांगले असले तरी ते राबवणारे वाईट निघाले तर ते वाईटच ठरते, हा मुद्दा फाटकात: कोरी करकरीत एस.टी. आडवी उभी आहे आणि चालक सुकाणूवर डोके ठेवून घोरतो आहे. स्वातंत्र्य पुन्हा गमावण्याची भीती सांगताना बाबासाहेबांनी सिंधच्या दाहिर राजाच्या लाच घेतलेल्या सेनापतींचा दाखला दिला. म्हणून चिंचेला चिंचांऐवजी नाण्यांच्या थैल्या लटकल्या आहेत आणि चिलखत घातलेले सेनापती झाड गदागदा हलवत आहेत. भिक्खुसंघाला संसदीय कार्यपद्धती ठाऊक होती, हा मुद्दा टाकीपाशी: भिक्खू रांगेने येऊन मतदानाच्या शलाका टाकीत टाकत आहेत आणि पाणी उतू जाते आहे. सूचनाफलकावर जळते व्याकरणाचे पुस्तक, कारण संविधानिक मार्ग उपलब्ध असताना इतर मार्ग धरणे यास त्यांनी अराजकाचे व्याकरण म्हटले. वर्गात सारी मुले एका रिकाम्या खुर्चीपुढे लोटांगण घालत आहेत: राजकारणातील विभूतिपूजा. भोजनगृहात तीन दगडांची चूल. एक दगड काढताच भाताचे पातेले कलंडते. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तिन्ही एकमेकांपासून तोडता येत नाहीत, हे या चित्राइतके सोपे करून आम्हांला कधी सांगता आले नव्हते. शेवटी जिना. प्रत्येक पायरीवर एक मनुष्य, प्रत्येकाच्या हाती सारखीच मतपत्रिका, पण कोणी वर, कोणी खाली. 26 जानेवारी 1950 पासून राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती.

चित्र निर्जीव असेल तर पुसले जाते. ‘समता’ म्हणून नुसता तराजू ठेवला तर दोन दिवसांत तराजू राहतो, तो कशासाठी ठेवला हे जाते. चित्रात काहीतरी घडत असावे, आणि ते मुलानेच रचलेले असावे. वरची चूल आणि जिना त्याचेच आहेत. आमची सूचना याहून फिकी होती.

ही वाट तो त्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने मनात चालला. पक्के झाले की नाही हे ओळखण्यासाठी आम्ही दोन कसोट्या लावतो. जिन्यापासून फाटकापर्यंत उलटे चालता आले पाहिजे. आणि मध्येच ‘सूचनाफलक’ म्हटल्यावर तेथून पुढे बोलता आले पाहिजे. घोकलेल्या भाषणाला दुसरी कसोटी झेपत नाही. स्पर्धेत तो टाकीपाशी क्षणभर थांबला, तो मुद्दा त्याने सोडूनच दिला आणि फलकाकडे गेला. सभागृहात कोणाच्या लक्षातही आले नाही.

मर्यादाही सांगितली पाहिजे. शब्दशः पाठांतरासाठी ही वाट उपयोगाची नाही. त्रिशरण-पंचशील मुलांना येते ते रोजच्या सामूहिक पठणाने. भाणकांनी बुद्धवचन पिढ्यान्‌पिढ्या जपले तेही एकत्र म्हणून, पुनरुक्तीने आणि संख्यांच्या क्रमाने. उद्देशिकेचेही तसेच. शिवाय त्याच वाटेवर लगेच दुसरे भाषण ठेवले की जुन्या थैल्या चिंचेवरून डोकावू लागतात. वाट काही दिवस रिकामी सोडावी किंवा दुसरी घ्यावी.

पारिभाषिक शब्दांचा प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण अमूर्त शब्दाचे चित्र चटकन सुचत नाही. प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा निदानांसाठी ही अडचण पूर्वजांनीच सोडवून ठेवली आहे. तिबेटी भवचक्रात अविद्येसाठी आंधळा, संस्कारासाठी कुंभार, विज्ञानासाठी माकड, नामरूपासाठी नाव, षडायतनासाठी रिकामे घर, वेदनेसाठी डोळ्यात रुतलेला बाण अशी चित्रे असतात. अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात, ओसरीच्या भिंतीवर, भवचक्राचे जुने चित्र भग्नावस्थेत आजही आहे. सहलीत मुले त्यापुढून धावत जातात. आता आम्ही तेथे थांबवतो. अकराव्या निदानाशी मात्र जपावे लागते. ‘जाति’ म्हणजे तेथे जन्म. आपल्या मुलाच्या मनात त्या शब्दासरशी दुसरेच चित्र उभे राहते, आणि का राहते हे आपण जाणतो. तेथे प्रसूतीचे चित्र ठेवावे आणि अर्थ आधी समजावून सांगावा. चित्र क्रम आठवून देते, अर्थ देत नाही.

माजी विद्यार्थ्यांना नवी वाट शोधायची गरज नाही. पत्र्याचे जुने भोजनगृह पाडून तेथे नवी इमारत उभी राहिली, हे काहींना ठाऊकही नसेल. त्याने काही अडत नाही. आपण पंगतीत कोठे बसत होता, ताटे कोठे धूत होता, डाव्या हाताला कोणती खिडकी होती, तेथे मुद्दा ठेवता येतो. अलीकडेच एका माजी विद्यार्थिनीने आम्हांला सांगितले की मुलाखतीची सारी उत्तरे तिने त्या पाडलेल्या भोजनगृहातच मांडली होती, आणि पाचवे उत्तर मोडक्या नळाखाली होते.