कुणी कुणाला ओळखायचं?

बदकाचं पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर जे पहिलं हलताना दिसेल, त्याच्या मागे चालू लागतं. शेळीकडे उलट आहे. करडू कुणाच्याही कासेला तोंड लावेल, पण शेळी आपल्याच करडाला दूध देते. दोन्हीकडे ओळख पटायला जन्मानंतरचा थोडाच वेळ मिळतो, म्हणून ही एकच गोष्ट मानली जाते. माझ्या मते खरा प्रश्न ओळखण्याचं काम कुणावर पडतं हा आहे, आणि चूक झाली तर नुकसान कुणाचं, यावर ते ठरतं. आपल्या तळ्यांवरच्या हळदी-कुंकू बदकाची पिल्लं जन्मानंतर दिवसभरातच घरटं सोडून पाण्याकडे निघतात आणि आपलं खाणं आपणच टिपतात. मागे पडलेलं पिल्लू मरतं. आईला मात्र एखादं परकं पिल्लू रांगेत आलं तरी फारसा तोटा नाही, कारण तिला दूध पाजायचं नसतं. शेळीचं दूध मोजकं असतं, आणि कळपात एकाच सुमारास अनेकजणी व्यातात. तिथे आईलाच पारख करावी लागते.

यावर कुणी म्हणेल, बदकाचं पिल्लू इतकं आंधळेपणाने चालत असेल तर रानात टिकतं कसं? ते पूर्ण आंधळं नसतंच. एकहार्ड हेस यांनी १९५०च्या दशकात पिल्लांना गोल वाटेवर फिरत्या लाकडी बदकामागे चालवलं, तेव्हा जन्मानंतर साधारण १३ ते १६ तासांत ओढ सर्वांत पक्की बसली. आणि गिल्बर्ट गॉटलिब यांनी दाखवलं की, अंड्यात असतानाच पिल्लू आवाज ऐकतं आणि आपल्या जातीच्या आईच्या हाकेकडे ओढलं जातं. रानात पहिली हलणारी गोष्ट आणि हाक मारणारी बहुधा एकच असते. फसगत माणूस मध्ये आला की होते.

शेळीच्या बाबतीत आक्षेप असा की ती करडाचा आवाजही ओळखते. बरोबर, एक-दोन दिवसांत ओळखू लागते. पण आवाज करडाला जवळ आणतो. कासेला लागू द्यायचं की नाही, हे शेळी शेपटीखाली हुंगून ठरवते. व्याताना ऑक्सिटोसिन वाढतं, गर्भजलाचा वास हवासा वाटतो, आणि चाटता चाटता त्या करडाचा वास मनात बसतो. पीटर क्लॉपफर यांच्या १९६०च्या दशकातल्या प्रयोगांत पाच मिनिटांची जवळीकही पुरली. जन्मताच करडू उचलून तासाभराने दिलं, तर बहुतेक शेळ्यांनी नाकारलं.

दोन-चार शेळ्या पाळणाऱ्यालाही हे उपयोगाचं आहे. उस्मानाबादी शेळीला जुळी करडं नेहमीची. त्यातलं एक कौतुकाने उचलून, धुऊन-पुसून, उशिरा तिच्यापुढे ठेवलं तर ती हुंगते, मान खाली घालून ढुशी देते, करडू कासेशी गेलं की सरकते. स्वीकारलेल्या करडाशी तोंड मिटून मंद हुंकार देते, चाटते, स्थिर उभी राहते. करडू नाकारलं, तर वार पडली नसेल तोवर त्याला गर्भजल चोळून तिच्या नाकाशी धरतात. वेळ टळली तर शेळी बांधून किंवा धरून रोज पाजावं लागतं. काही दिवसांनी ती सोसू लागते, पण प्रत्येक शेळी मानतेच असं नाही.