बारीक नळाने दाब वाढतो काय?

बागेतल्या रबरी नळीच्या तोंडाशी अंगठा दाबला की धार लांब उडते, हे प्रत्येकाने पाहिलेले असल्यामुळे, गच्चीवरील टाकीतून खाली येणारा नळ जितका बारीक तितका पाण्याला जोर अधिक, असा समज घरोघरी रूढ झाला आहे. वास्तविक अंगठ्यामुळे केवळ तोंडाशी प्रवाह रोखला जातो. नळीतून जाणारे पाणी कमी झाले म्हणजे वाटेतील घर्षणही कमी होते आणि वाचलेला दाब तोंडाशी वेगाच्या रूपाने प्रकट होतो. तेच आकुंचन साऱ्या लांबीभर केले, तर तोटीपाशी पोहोचण्यापूर्वीच दाब घर्षणात खर्ची पडतो. तोटी बंद असताना दाब केवळ टाकीतील पाण्याच्या उंचीवर ठरतो, नळाच्या जाडीवर मुळीच नाही.

एक हिशेब पाहू. टाकीतील पाण्याची पातळी स्नानगृहातील शॉवरहून 3 मीटर उंच आहे, एल्बो वगैरेंचा रोध जमेस धरून सामाईक नळाची लांबी 20 मीटर आहे, आणि शॉवर व स्वयंपाकघरातील तोटी एकाच वेळी चालून मिनिटाला 24 लिटर पाणी हवे आहे, असे धरा. सीपीव्हीसीच्या अर्धा इंची नळाचा आतला व्यास सुमारे 12.5 मिलिमीटर असतो. त्यातून एवढे पाणी न्यावयाचे तर घर्षणापोटी सुमारे 19 मीटर उंची लागेल. आपल्यापाशी 3 मीटरच असल्याने दोन्ही तोट्यांना मिळून जेमतेम 9 लिटर येईल, आणि तेही तोट्यांतील रोध शून्य मानून. पाऊण इंची नळात, म्हणजे सुमारे 18 मिलिमीटर व्यासात, हानी 3 मीटर भरते, म्हणजे शॉवरसाठी काहीच शिल्लक राहत नाही. एक इंचीत ती 1 मीटरहूनही कमी असते. व्यास निम्मा झाला की तेवढ्याच प्रवाहाला घर्षणहानी सुमारे 29 पट होते, हे या तफावतीचे कारण.

तोटीच जर अर्धा इंची, तर मागे जाड नळ कशाला, असा प्रश्न कारागीरही विचारतात. तोटीतील अरुंद वाट काही सेंटिमीटरांचीच असते. नळातील घर्षण मात्र मीटरामीटराला साचत जाते. म्हणूनच एक तोटी चालू असता दुसरी उघडताच पहिलीची धार मंदावली, तर दोष बहुधा सामाईक नळाचा समजावा. एकच तोटी सदैव मंद असेल, तर आधी तिची जाळी पाहावी.

मात्र सर्वत्र जाड नळ घालणे हाही उपाय नव्हे. गीझरपासून 10 मीटर लांबीच्या एक इंची नळात चार लिटरांहून अधिक थंड पाणी साचून राहते आणि ऊन पाणी येण्यापूर्वी ते वाया जाते. अर्धा इंचीत ते सव्वा लिटरच असते. तेव्हा वरील घरासाठी टाकीपासूनचा सामाईक नळ एक इंची, त्यातून फुटणाऱ्या मीटर-दोन मीटरांच्या शाखा अर्धा इंची आणि गीझर शॉवरच्या जवळ, हीच तजवीज योग्य होय.